भाच्याचा मातीचा किल्ला आणि मागे राजहंसगड: मोबाईलवर बॅकग्राउंड बदलून दिवाळीचं शुभेच्छापत्र

दिवाळीत बेळगावच्या गल्लीबोळांत मुलांचे किल्ले उभे राहतात. माती कालवायची, पोत्याच्या तुकड्यांवरून ती लिंपायची, वर अळीव पेरायचा, बाजारातून मावळे आणायचे आणि सगळ्यात वर महाराजांना बसवायचं. किल्ला पुरा झाला की फोटो काढला जातो आणि घरातल्या कुणाला तरी वाटतं, हाच फोटो यंदा शुभेच्छा म्हणून पाठवूया. नेमकं तेव्हाच लक्षात येतं की किल्ल्याच्या मागे स्कूटर उभी आहे, दोरीवर टॉवेल वाळतोय आणि कोपऱ्यात पाण्याचा निळा पिंप आहे.

माझ्या भाच्याच्या किल्ल्याचंही असंच झालं. त्याला मागे येळ्ळूरचा राजहंसगड हवा होता. "मामा, आपला किल्ला खऱ्या किल्ल्याच्या म्होरं बसलाय असं दिसाया पायजे," एवढीच त्याची मागणी. ते काम मोबाईलवर फुकटच्या अॅपमध्ये कसं केलं, कुठे अडलं आणि कसं सुटलं, हे इथे क्रमाने सांगतो. तुमच्याकडे किल्ल्याऐवजी पूजेचं ताट घेतलेली आई असेल, गुढीजवळ उभे आजोबा असतील, तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बॅकग्राउंड बदललेला फोटो खोटा दिसतो तो बहुतेक वेळा कापण्यातल्या चुकीने नव्हे, तर उजेड न जुळल्याने. माणसाच्या चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि मागच्या तटावर उजवीकडून पडलं असेल, तर कडा कितीही सफाईने कापा, बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. म्हणून निम्मं काम अॅप उघडण्याआधीच करायचं असतं.

आधी उजेड बघा

तुमच्या मूळ फोटोत नाकाची सावली कोणत्या गालावर पडली आहे ते बघा. ती उजव्या बाजूच्या गालावर असेल, तर ऊन डावीकडून आलं. आता मागे जो फोटो लावायचा त्यात तटाची, झाडाची किंवा खांबाची सावली कोणत्या बाजूला आहे ते बघा. दोन्ही सावल्या एकाच बाजूला पडायला हव्यात. शिवाय लांबीही जुळली पाहिजे: भर दुपारची सावली आखूड आणि गडद, संध्याकाळची लांब आणि मऊ.

भाच्याचा फोटो मी संध्याकाळी पाचच्या सुमाराला काढला होता, ऊन डावीकडून. माझ्याकडे गडाचा फोटो होता तो दुपारी बाराचा, वर कडक निळं आकाश. दोन्ही एकत्र केले तेव्हा पोरगा स्टुडिओच्या पडद्यासमोर बसल्यासारखा दिसला. अशा वेळी बॅकग्राउंडचा फोटो आरशासारखा उलटा करायचा मोह होतो, कारण त्याने सावलीची बाजू बदलते. ओळखीच्या जागेला हे करू नका. राजहंसगड आपल्याकडच्या लोकांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो. वाट डावीकडची उजवीकडे गेली की ते लगेच ओळखतात, आणि फोटोत एखादी पाटी असेल तर अक्षरंही उलटी होतात. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी गडावर जाऊन ऊन डावीकडे येईल असा फोटो काढून आणला. येळ्ळूर बेळगावातून जवळ असल्याने ते जमलं.

जाणं शक्य नसेल तर मूळ फोटोच सावलीत काढा. पडवीत, झाडाखाली किंवा ढगाळ वेळी काढलेल्या फोटोत ऊन कोणत्याच बाजूने ठळक नसतं. तो ढगाळ आकाशाच्या किंवा सूर्यास्तानंतरच्या कुठल्याही बॅकग्राउंडला चालून जातो.

इंटरनेटवरून गडाचा फोटो उतरवून घेणं सोपं वाटतं, पण तो कुणाचा तरी असतो आणि बहुतेकदा लहान आकाराचाच मिळतो. आपल्या गावाजवळची जागा आपण स्वतः टिपलेली असली की उजेड आपल्या हातात राहतो. खानापूरकरांना हलशीचं देऊळ आहे, गोकाककडच्यांना धबधबा आहे.

फोटो काढतानाच मागे चादर लावा

ही युक्ती फार कमी जण करतात आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. केस, अळिवाचे कोंब, साडीच्या पदराचे गोंडे अशा बारीक गोष्टींच्या कडांमधून मागचा रंग थोडा झिरपलेला असतो. पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काढला आणि मागे काळोखं आकाश लावलं, की डोक्याभोवती पांढरी रेघ उमटते. तीच रेघ पाहून लोक म्हणतात, "हे चिकटवलंय."

म्हणून मागे एकरंगी चादर धरा, आणि तिचा रंग नव्या बॅकग्राउंडच्या जवळचा निवडा. मागे उजळ आकाश येणार असेल तर फिकी राखाडी किंवा फिकी निळी. मागे रात्र येणार असेल तर गडद निळी. मग कडेला थोडा रंग राहिला तरी तो मिसळून जातो. चादरीचा रंग कपड्यांत मात्र नको, नाहीतर अॅप चादरीबरोबर सदऱ्याचा तुकडाही पुसून टाकतं. चादर माणसाच्या मागे दोन-तीन फूट लांब धरा, म्हणजे तिच्यावर सावली पडणार नाही. आमच्याकडे ताई आणि शेजारच्या काकू दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. भाच्याने भगवा फेटा आणि पांढरा सदरा घातला होता, त्यामुळे फिकी निळी चादर बरोबर बसली.

दुसरं, पाय फोटोत घेऊ नका. उभ्या माणसाचे पाय नव्या जमिनीवर टेकलेले दाखवायचे तर सावली हाताने रंगवावी लागते, आणि ती पटेल अशी जमणं अवघड असतं. भाचा किल्ल्याच्या मागे गुडघ्यांवर बसला होता आणि किल्ल्याचा पाया फोटोच्या खालच्या कडेला लागला होता. त्यामुळे जमिनीचा प्रश्नच आला नाही. आईचा फोटो असेल तर तो कमरेपासून वर घ्या.

अॅप कोणती

मी चार वापरली: कापायला `Background Eraser`, जोडायला `Photo Layers`, रंग जुळवायला `Snapseed` आणि अक्षरं लिहायला `PixelLab`. पहिली दोन एकाच कंपनीची आहेत, नावाखाली `handCloset` लिहिलेलं असतं. सारख्या नावाची इतर अॅप पुष्कळ आहेत, म्हणून हे नाव बघूनच उतरवा. जाहिराती येतात, पण चित्रावर शिक्का मारत नाहीत.

एका बोटात आपोआप बॅकग्राउंड काढणारी अॅप आणि वेबसाइट भरपूर आहेत. त्यांत 'फुकट'चा अर्थ तपासून घ्या. कॅनव्हामध्ये बॅकग्राउंड काढायचं बटण पैसे भरणाऱ्यांसाठी असतं. `remove.bg` वर फुकटात मिळणारं चित्र पाव मेगापिक्सेलचं, म्हणजे साधारण 625 × 400 ठिपक्यांचं असतं. मोबाईलच्या पूर्ण पडद्यावर ते धुरकट दिसतं. काही अॅप सगळं काम करून घेतात आणि सेव्ह करताना कोपऱ्यात आपलं नाव छापतात. शिवाय यांतली बरीच तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर पाठवतात. घरातल्या लहान मुलांचा फोटो असेल तर मला ते नको वाटतं. तपासायचं असेल तर विमान मोड चालू करून काम करून बघा. तरीही बॅकग्राउंड निघालं, तर काम फोनमध्येच होतं आहे. खानापूरच्या जंगलपट्टीत जिथे नेटवर्क येतं-जातं तिथे हेच अॅप उपयोगी पडतं.

आयफोनवर फोटो उघडून माणसावर बोट दाबून धरलं की तो आपोआप सुटा होतो. कडा चांगल्या येतात, पण अळिवासारखं काही असेल तर तिथेही हाताने डागडुजी लागतेच.

कापणं

सुरुवात `Snapseed` मध्ये करा, कापण्यात नव्हे. मूळ फोटो उघडून `White Balance` मध्ये रंग थोडा जुळवून घ्या. गडाचा फोटो संध्याकाळचा पिवळसर होता आणि भाच्याचा जरा निळसर, कारण चादरीचा रंग त्याच्यावर परतला होता. `Temperature` थोडं पिवळ्याकडे सरकवलं. हे आधीच करायचं कारण असं की पारदर्शक चित्र स्नॅपसीडमधून काढलं की त्याची पारदर्शकता जाते. कापल्यावर तिथे परत नेता येत नाही.

आता फोटो बॅकग्राउंड इरेझरमध्ये उघडा. पहिल्यांदा अॅप चौकट कापायला सांगतं. माणूस आणि किल्ला यांच्याभोवती थोडीच जागा ठेवून बाकी सगळं तिथेच काढून टाका. मग `Auto` निवडून चादरीवर टेकवा. जिथे बोट टेकवाल त्या रंगाचा सगळा भाग एकदम जातो. किती जवळचे रंग जावेत हे खालच्या पट्टीने ठरतं. पट्टी फार वर नेली तर सदऱ्याच्या घड्यांतली निळसर सावलीही निघून जाते. आमच्याकडे खांद्यावर भोक पडलं तेव्हा ते समजलं. पट्टी कमी ठेवा आणि एकाच ठिकाणी न टेकवता चादरीवर सहा-सात ठिकाणी टेकवा.

उरलेले तुकडे `Manual` ने पुसायचे. इथे एक सोय आहे: पुसणारा गोल बोटाच्या थोडा वर दिसतो, त्यामुळे बोटाखाली कड झाकली जात नाही. दोन बोटांनी चित्र मोठं करा, गोल लहान करा आणि कडेच्या किंचित आतून चालवा. एक-दोन ठिपके आत गेलात तर कुणाला कळत नाही, बाहेर राहिलात तर रेघ दिसते. चुकून जास्त पुसलं तर `Repair` ने तेवढाच भाग परत येतो.

हात आणि अंग यांच्यामधली फट विसरू नका. भाच्याचा हात कमरेवर होता. त्या त्रिकोणातून निळी चादर दिसत होती आणि मला ती फोटो जोडून झाल्यावर दिसली. फेट्याच्या तुऱ्यामागे, कानाजवळ, मावळ्यांच्या भाल्यांच्या मधेही अशा फटी असतात. पारदर्शक भाग दाखवणारा मागचा रंग बदलून एकदा काळ्यावर आणि एकदा पांढऱ्यावर चित्र बघा. काळ्यावर पांढरी रेघ उठून दिसते, पांढऱ्यावर गडद तुकडे.

अळिवाचं काय केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण केसांनाही तेच लागू आहे. किल्ल्याच्या माथ्यावर बोटभर हिरवे कोंब आले होते. एकेक कोंब कापायला गेलो तर तास गेला असता आणि दिसलं असतं ब्लेडने कातरल्यासारखं. मी कोंबांच्या वरची कड सरळ न कापता हलकी, थोडी वरखाली ठेवली आणि मधली चादर तशीच राहू दिली. नंतर जोडताना किल्ला अशा जागी बसवला की कोंबांच्या मागे गडाचा गवताळ हिरवा उतार येईल. हिरव्यावर हिरवं, त्यामुळे राहिलेला फिका रंग दिसलाच नाही. आकाशासमोर तेच कोंब ठेवले असते तर पूर्ण चोरी उघडी पडली असती. केसांच्या मागे म्हणूनच झाड, डोंगर किंवा ढग येईल असं बघावं, कोरं आकाश शक्यतो नको.

झालं की पुढच्या पानावर कड किती मऊ ठेवायची हे विचारलं जातं. सगळ्यात कमीपासून एक-दोन पायऱ्या पुरतात. जास्त घेतली तर माणूस कापसात गुंडाळल्यासारखा दिसतो. सेव्ह केल्यावर चित्र पीएनजी प्रकारात गॅलरीत जातं. हे चित्र दुसऱ्या फोनवर पाठवायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पारदर्शक भाग भरून येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मागचा गड तयार करणं

खऱ्या फोटोत जवळच्या माणसावर कॅमेरा नेमका असला की दूरचा डोंगर जरा धूसर असतो. आपण दोन्ही फोटो वेगवेगळे काढलेले असतात, त्यामुळे गडाचा प्रत्येक दगड स्वच्छ दिसतो आणि तो पडद्यासारखा पुढे येतो. स्नॅपसीडमध्ये गडाचा फोटो उघडून `Lens Blur` घ्या. मधला गोल स्पष्ट राहतो आणि बाहेरचं धूसर होतं. तो गोल उचलून तिथे न्या जिथे पुढे तुमचा माणूस बसणार आहे. तो भाग झाकलाच जाणार, आणि उरलेला सगळा गड मऊ होतो. धूसरपणा थोडाच ठेवा, तट ओळखता आला पाहिजे. त्याच पानावर `Vignette Strength` शून्यावर आणा, नाहीतर कडा काळ्या पडतात. मग `Tune Image` मध्ये `Contrast` वीसएक अंकांनी कमी करा. दूरच्या वस्तूंवर हवेचा थर असतो, त्यामुळे त्यांतला काळा पूर्ण काळा दिसत नाही.

चौकट उभी कापा. स्टेटससाठी 9:16 हे प्रमाण, म्हणजे 1080 × 1920.

जोडणं

फोटो लेयर्समध्ये आधी गडाचा फोटो घ्या आणि त्यावर कापलेलं चित्र टाका. दोन बोटांनी लहान-मोठं करा. इथे माप कसं ठरवायचं? मूळ फोटो काढताना कॅमेरा कोणत्या उंचीवर होता ते आठवा. सपाट जागेत क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. मी खाली बसून भाच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर फोटो काढला होता, म्हणून दूरच्या रानाची रेघ त्याच्या डोळ्यांच्या आसपास यायला हवी होती. पहिल्या प्रयत्नात ती त्याच्या पोटाजवळ आली आणि तो हवेत तरंगू लागला. चित्र थोडं खाली ओढल्यावर बसला. किल्ल्याचा पाया चौकटीच्या खालच्या कडेच्या जरा बाहेरच जाऊ द्या, म्हणजे खाली फट राहत नाही.

जोडलेलं चित्र सेव्ह करून पुन्हा स्नॅपसीडमध्ये न्या. `Tune Image` मध्ये `Warmth` किंचित वाढवा. हा एकच रंग माणसावर आणि गडावर एकदम चढतो, त्यामुळे दोन्ही एका उजेडातले वाटतात. मग फोन हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघा. जे आधी डोळ्यात टोचेल तिथेच चूक आहे. आमच्याकडे पांढरा सदरा टोचत होता. गडावर संध्याकाळ होती आणि सदरा दुपारचा. `Selective` ने सदऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी केल्यावर तो निवला.

अक्षरं: मराठी आणि कन्नड दोन्ही

आपल्याकडे शुभेच्छा फक्त मराठी घरांत जात नाहीत. दूधवाले, मुलांचे सर, शेजारी, दुकानदार, अनेकांची भाषा कन्नड असते. म्हणून मी दोन ओळी लिहितो. वर "दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा" आणि खाली कन्नड लिपीत "दीपावळी हब्बद शुभाशयगळु". फोनच्या जीबोर्डमध्ये कन्नड कीबोर्ड जोडता येतो.

पिक्सेललॅबमध्ये दोन्ही ओळी वेगवेगळ्या टाका, एकाच चौकटीत नको. देवनागरीसाठी निवडलेल्या फॉन्टमध्ये कन्नड अक्षरं नसतात, मग ती फोनच्या साध्या फॉन्टमध्ये उमटतात आणि दोन ओळी परक्या दिसतात. यावर एक छान उपाय आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेलं बालू कुटुंब गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतं. त्यात देवनागरीसाठी `Baloo 2` आणि कन्नडसाठी `Baloo Tamma 2` आहे. दोन्हींची जाडी आणि गोलाई एकाच हाताची, त्यामुळे दोन लिप्या शेजारी शेजारी घरच्यासारख्या बसतात. जाड मथळ्याऐवजी पुस्तकी वळण हवं असेल तर `Tiro Devanagari Marathi` घ्या, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. फाइल उतरवून पिक्सेललॅबच्या फॉन्टच्या यादीत जोडायची. डीटीपीवाल्यांकडचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट इथे चालत नाहीत, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात.

लिहिल्यावर जोडाक्षरं मोठी करून वाचा: 'शुभेच्छा'तला च्छ, 'हार्दिक'मधला रफार. हार्दिकची दि ऱ्हस्व आहे. शुभेच्छाचं 'शुभेछ्या' झालेलं दरवर्षी दिसतं. कन्नड ओळ मी खालच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवली. त्यांनी एका अक्षराचा जोड सुधारून दिला आणि मगच मी ते चित्र पुढे पाठवलं.

अक्षरं चेहऱ्यावर किंवा किल्ल्यावर नकोत, आकाशात ठेवा. पण चौकटीच्या अगदी वरच्या कडेला नको. स्टेटसवर वर पाठवणाऱ्याचं नाव येतं आणि खाली उत्तराची पट्टी, तेव्हा वर आणि खाली उंचीचा साधारण आठवा भाग मोकळा सोडा. अक्षरांमागे फार उजळ ढग असेल तर पांढऱ्या अक्षराला गडद तपकिरी सावली द्या. काळी सावली संध्याकाळच्या रंगात चिखलासारखी दिसते.

पाठवण्याआधी

अक्षरं टाकण्याआधीचं चित्र वेगळं सेव्ह करून ठेवा, आणि कापलेलं पीएनजीही. आमच्या मंडळाने तेच चित्र फ्लेक्सला मागितलं तेव्हा मी नाही म्हटलं, कारण 1080 ठिपक्यांची रुंदी चार फुटांवर ताणली की भाच्याचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा झाला असता. फ्लेक्सला हवं असेल तर पहिल्यापासून मूळ मोठ्या फोटोवर, संगणकावर काम करावं लागतं.

शेवटी चित्र दुसऱ्या एखाद्या साध्या फोनवर उघडून बघा. माझ्या पडद्यावर जो तट मऊ तांबूस होता तो ताईच्या फोनवर जवळजवळ काळा दिसला, म्हणून मी एकूण उजेड थोडा वाढवला. व्हॉट्सअॅपवर पाठवताना वरचं एचडी बटण दाबा, नाहीतर आकार घटतो आणि सगळ्यात आधी बारीक अक्षरांच्या कडा आणि मावळ्यांचे भाले फुटतात. भाच्याने तेच पहिलं तपासलं. चित्र मोठं केलं आणि बारा मावळे मोजले.